लंडनची वीट न्यूयॉर्कला का निघाली?

ही सोन्याची वीट नीट पाहा. एका बाजूने रुंद, दुसरीकडे निमुळती. अंगावर नंबर, शुद्धतेचा आकडा, ओतणाऱ्या कारखान्याचा शिक्का आणि साल. वजन जवळपास 400 औंस, म्हणजे साडेबारा किलो. लंडनच्या बाजारात सोनं हातोहात फिरतं ते याच आकारात.

जानेवारी 2025. अमेरिका सोन्यावरही आयात शुल्क लावेल, अशी धास्ती पसरली. न्यूयॉर्कचा वायद्याचा भाव, म्हणजे पुढच्या तारखेला सोनं देण्याच्या कराराचा भाव, लंडनच्या हजर भावाला, म्हणजे लगेच हाती पडणाऱ्या सोन्याच्या भावाला, मागे टाकून पुढे गेला.

आता हिशेब करू. समजा, लंडनमध्ये औंसाला 2,750 डॉलर आणि न्यूयॉर्कला 2,790. व्यापारी लंडनला वीट घेतो आणि त्याच क्षणी न्यूयॉर्कला तेवढ्याच सोन्याचा वायदा विकतो. मग सोनं चढो की पडो, औंसामागे 40 डॉलर पक्के. अख्ख्या विटेवर 16 हजार. त्यातून अडकलेल्या 11 लाख डॉलरचं महिन्याचं व्याज, धरा चार हजार. शिवाय विमानभाडं, विमा, वितळवणी. उरला तो नफा. यालाच आर्बिट्राज म्हणतात. एरवी दोन भावांतलं अंतर जेमतेम व्याज भरून निघेल एवढंच असतं, म्हणून विटा जागच्या हलत नाहीत.

ही भट्टी मात्र स्वित्झर्लंडची. लंडनची मोठी वीट न्यूयॉर्कच्या नेहमीच्या वायद्यात चालत नाही. तिथे 100 औंसांची एक लगड लागते, नाहीतर किलोच्या तीन. म्हणून वाटेत हा मुक्काम. मुशीत वीट हळूहळू बसते, कडा वितळतात, शिक्का पुसला जातो. साच्यातून निघतात किलोच्या बारा लगडी. थोडं सोनं उरतं, ते पुढच्या ओतकामात जातं.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे इथल्याच भट्ट्या थंडावल्या, विमानं जमिनीवर राहिली. अंतर 70 डॉलरवर गेलं, पण वीट नेणार कशी? 2025 मध्ये विमानं उडत होती. खोळंबा झाला बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात. सोनं बाहेर काढायला कित्येक आठवड्यांची रांग लागली. लंडनचं सोनं संपलं, अशी आवई उठली. सोनं होतं. जड विटा शहराच्या मधोमध असलेल्या तिजोरीतून काढून गाडीत चढवायला वेळ लागत होता, इतकंच. लंडनमध्ये सोनं उसनं घेणाऱ्यांना त्या दिवसांत जबर व्याज पडलं.

2 एप्रिल 2025 ला सोन्याच्या लगडी शुल्कातून वगळल्या गेल्या. अंतर मिटलं आणि माल उलट दिशेने निघाला. लंडनला परतायचं तर पुन्हा हीच भट्टी: किलोच्या लगडी मुशीत, आणि साच्यातून पुन्हा साडेबारा किलोची वीट, नव्या नंबराची.