पेढे घेऊन आलेली मंडळी आणि फ्लॅट नंबर ४०२

(वाचनालयाच्या सभागृहात झालेलं भाषण, थोडी काटछाट करून)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? पंख्याचा आवाज येतोय, पण पंखा बंद करू नका, मे महिना आहे, ऐकू नाही आलं तरी चालेल. विषय असा दिलाय की नव्या ओळखीत नंबर, फोटो आणि पत्ता किती द्यायचा, आणि तरी माणूसघाणं कसं नाही व्हायचं. चाळीस मिनिटं दिलीयत. मी टेलिफोन खात्यात ३२ वर्षं काढली, नंबर या विषयावर मला चाळीस मिनिटं पुरत नाहीत, साक्षीदार दुसऱ्या रांगेत बसलीये, आत्तापासूनच घड्याळ बघतीये.

तर आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी भाचीचं लग्न जमवायचं होतं आणि बायोडेटा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मराठी टायपिंग मला येतं. वर गणपती, मग पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नाडी, गण, कंपनीचं नाव, ऑफिस कुठल्या भागात, पगार, मामाचं कुळ (म्हणजे मीच, ते ठळक अक्षरात), आणि तळाशी तिचा मोबाईल, भाऊजींचा मोबाईल आणि पत्ता. पत्ता म्हणजे पण कसा, विंग बी, फ्लॅट ४०२, सोसायटीचं नाव, बसस्टॉपसमोर, रिक्षावाल्याला सांगतो तसा. दोन फोटो, एक साडीतला आणि एक बाल्कनीतला. ती म्हणाली, "मामा, एवढं सगळं कशाला?" मी म्हणालो, "अगं लपवायचंय काय त्यात, आपण काय चोर आहोत?" आणि दिलं टाकून समाजाच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

पुढच्याच रविवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. दारात मुलगा, मुलाची आई, मुलाची मावशी आणि पेढ्यांचा बॉक्स. भाऊजी लुंगीवर, हातात अर्धवट सोललेली कोळंबी, आणि भाची केसाला तेल लावून बसलेली. सगळ्यांची इतकी धांदल उडाली की विचारू नका, ताईने मला फोन करून जे ऐकवलं ते इथे माईकवर सांगता येणार नाही. पण त्या माऊलींचं म्हणणं काय होतं, "पत्ता दिलाय म्हणजे यायलाच दिलाय ना?" आता सांगा, त्यांचं काय चुकलं? पत्ता मीच दिला होता. माणसं भली होती, तासभर बसली, कोळंबीचा वास येत असून काही बोलली नाहीत.

दुसरा मुलगा तसा भला नव्हता. दोनदा फोनवर बोलणं झालं, तिने नीट सांगितलं की पुढे जायचं नाहीये. मग वेगवेगळ्या नंबरवरून मेसेज सुरू झाले, आणि एके दिवशी संध्याकाळी साहेब ऑफिसच्या गेटवर उभे. तिला वाटलं यानं माझी माहिती काढली कुठून, अरे काढायची कशाला, मी ए-फोर कागदावर टाईप करून दिली होती! शेवटी पोलिसांत तक्रार दिली, तिकडून त्याला एक फोन गेला तेव्हा तो थांबला. तिने नंबर बदलला, आणि बँक, गॅस, पीएफ, आधार, पॅन सगळीकडे नवा नंबर लावेपर्यंत दीड महिना गेला. जुना नंबर सोडला की कंपनी तो नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला देऊ शकते, त्यामुळे आज तो कुणा ट्रक ड्रायव्हरकडे असेल तर त्याला बिचाऱ्याला अजून स्थळं येत असतील. हसू नका. भाऊजींना मागच्या दिवाळीत खरंच फोन आला, पत्रिका जुळतीये, ३१ गुण. भाचीच्या मुलीला तेव्हा दात येत होते.

आता माझ्या वयाचे लोक काय म्हणतात ते मला माहितीये, की अहो आपल्या वेळी डिरेक्टरी होती, त्यात सगळ्या शहराचं नाव, नंबर, पत्ता छापलेला असायचा, कुणाचं काय वाकडं झालं? बरोबर आहे, मी त्याच खात्यातला, जाडजूड डिरेक्टऱ्या घरोघरी वाटलेल्या मी बघितल्यात. पण तो नंबर काय करायचा? हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलेला एक डबा वाजवायचा. आणि उचलायचे आजोबा. आजोबांच्या पुढे काही जायचंच नाही. आजचा नंबर हा डबा नाही, किल्ली आहे, आणि एकाच दाराची नाही.

हे मला कसं कळलं तर त्या प्रकारानंतर मी एक उद्योग केला. भाचीची परवानगी घेऊन, फक्त तिचा दहा आकडी नंबर घेऊन बसलो, माझ्या मित्राच्या फोनवर, जो तिला ओळखत नाही. पहिलं, पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकला, एक रुपयाही न पाठवता बँकेतलं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो दिसला, ऑफिसच्या ट्रिपचा, टीशर्टवर कंपनीचं नाव. तिसरं, कॉल कुणाचा ते दाखवणारं अ‍ॅप. यात नाव आपण ठेवलेलंच येतं असं नाही, दुसऱ्यांनी आपल्याला ज्या नावाने सेव्ह केलंय ते तिथे जाऊ शकतं, आणि तिला बहुतेक इस्त्रीवाल्याने सेव्ह केलं असावं, कारण नावापुढे "४०२ बी विंग" आणि सोसायटीचं नाव. चौथं, तो व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर नोकरीच्या साईटवरचं तिचं पान आलं, कारण फोटो दोन्हीकडे तोच. वीस मिनिटं लागली, त्यात चहा झाला. म्हणजे मी बायोडेटात पत्ता लिहिलाच नसता तरी नुसत्या नंबराने माणूस बी विंगपर्यंत पोचला असता.

यावरून माझं जे म्हणणं आहे ते... काय? चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं राहिली. बघा, मुख्य विषय आत्ताच सुरू होत होता. बरं, भराभर सांगतो.

माझं म्हणणं असं की एकच प्रश्न विचारायचा, दिलेली गोष्ट परत घेता येते का. चॅटिंग अ‍ॅपवरचं युजरनेम उद्या बदलता येतं, फुकट. नंबर बदलता येतो पण दीड महिना जातो. पाठवलेला फोटो परत येत नाही. आणि पत्ता बदलायचा तर फ्लॅट विकावा लागतो. म्हणून याच क्रमाने द्यायचं. जुन्या घरात नाही का, आलेला माणूस आधी ओटीवर बसतो, मग माजघरात, आणि स्वयंपाकघरापर्यंत यायला त्याला कितीक दिवाळ्या लागतात, आणि ओटीवर बसवलं म्हणून कुणी रागावत नाही, उलट तिथेच चहा आणि तासतासभर गप्पा.

नंबर. पहिल्या भेटीपर्यंत ज्या साईटवर ओळख झाली तिथेच बोलायचं, किंवा सिग्नल, टेलिग्रामवर युजरनेम देऊन, तिथे नंबर कुणाला दिसावा ते सेटिंगमध्ये "नोबडी" करून. नंबर दिलाच तर व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत प्रोफाईल फोटो "माय कॉन्टॅक्ट्स" वर ठेवा, आणि इथे गंमत अशी की त्याचा नंबर तुम्ही सेव्ह केला की तो कॉन्टॅक्ट झाला, त्याला फोटो दिसायला लागला, स्टेटस दिसायला लागलं. म्हणून आधी सेव्ह न करता बोला, किंवा "माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट" निवडून त्यात त्याला घाला. दुसरं सिम घेतलं तर सगळ्यात बरं, पण त्याला बँक, यूपीआय काही जोडू नका आणि त्याचं रिचार्ज सोडू नका, नाहीतर ट्रक ड्रायव्हर. आणि पहिल्या भेटीतल्या कॉफीचे अर्धे पैसे रोख द्या, यूपीआयने दिले की समोरच्याला बँकेतलं नाव गेलंच.

फोटो. बायोडेटाला दुसरीकडे कुठेही न टाकलेला फोटो वापरा, म्हणजे शोधून काही सापडत नाही. मागे काय दिसतंय ते बघा, बाल्कनीतल्या त्या फोटोत समोरच्या दवाखान्याची पाटी स्वच्छ वाचता येत होती, मी आणि फोटोग्राफर दोघांनी फक्त साडी बघितली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर कुठे काढला ती लोकेशन निघून जाते, पण क्वालिटी हवी म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर ती तशीच जाते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशनच बंद करून टाका. "व्ह्यू वन्स" वर भरवसा ठेवू नका, स्क्रीनशॉट निघत नाही हे खरं, पण शेजारी दुसरा फोन धरून फोटो काढायला काय लागतं.

पत्ता. भागाचं नाव सांगा, सोसायटीचं नको. "घरी सोडतो" म्हणाला तर कोपऱ्यावरच्या दुकानापाशी उतरा, दूध घ्यायचंय म्हणा, घ्या पण दूध. गिफ्ट पाठवायचंय म्हणून पत्ता मागितला तर म्हणायचं, भेटलो की दे. आणि लाईव्ह लोकेशन त्याला नाही, मैत्रिणीला पाठवायचं, आठ तासांपर्यंत चालतं, भेट संपली की बंद करायचं.

आता यात मोकळेपणा कुठे गेला, हा प्रश्न येतोच. भाचीने पुढे काय केलं सांगतो. प्रत्येकाला सुरुवातीलाच एक वाक्य सांगायची, "मी नंबर पहिल्या भेटीनंतर देते, सगळ्यांनाच असंच आहे, पण शनिवारी भेटूया का, चार वाजता?" तुझ्यावर संशय नाही, नियम सगळ्यांना, आणि पुढचं पाऊल तीच टाकतीये. बाकी मग गप्पांना अडवणूक नाही, आवडीनिवडी, आधी ठरून मोडलेलं लग्न, आईशी होणारी भांडणं, सगळं बोलायची. घराचा नंबर न सांगता माणूस मनातलं सांगू शकतो हो. आणि या वाक्यावर समोरचा काय करतो त्यात पुष्कळ कळतं. "चालेल, शनिवारी जमेल" म्हणणारा एक. आणि "एवढा पण विश्वास नाही?" असं दर दोन मेसेजनंतर विचारणारा दुसरा, त्याला मग शनिवारही नाही. पहिल्या प्रकारातल्या एकाशी तिचं लग्न झालं, त्याला घराचा पत्ता तिसऱ्या महिन्यात कळला.

वाकडं गेलंच तर मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, तारीख वेळ दिसेल असे. मुलीने स्पष्ट नाही म्हटल्यावर मुलगा परत परत संपर्क करत राहिला तर तो गुन्हा आहे, न्याय संहितेचं ७८ कलम, ऑनलाईन पाळत ठेवणंही त्यातच येतं. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, लगेच धोका असेल तर ११२. खासगी फोटो पसरवायची धमकी आली तर stopncii.org म्हणून आहे, तिथे फोटो द्यावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा ठसा तयार होतो, तेवढाच जातो, आणि त्यात सामील असलेल्या साईट तो फोटो ओळखून अडवतात. सगळ्या साईट सामील नाहीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी कुणाला खासगीत पाठवला तर तिथे त्याचा उपयोग नाही.

झालं, झालं, बसतो. एक प्रश्न घेऊ? हो आजी, बोला.

पेढ्यांचं काय झालं?

खाल्ले ना. कंदी होते, साताऱ्याचे.