कोरड्या फरशीवरचा समुद्र

[वरून घेतलेलं दृश्य. फिकट निळसर-करड्या कापडावर लाल झग्यातली तरुणी पाठीवर झोपलेली. केस डोक्याभोवती पसरलेले.]

शेवटच्या चित्रात ही मुलगी समुद्रात दिसेल, पण आत्ता ती पाण्यात नाही. ती फरशीवर पाठीवर झोपली आहे, अंगाखाली कापड आहे आणि कॅमेरा शिडीच्या टोकावर. गेला पाऊण तास तिच्या केसांचंच काम चाललंय. एक बट उचलायची, मुळापाशी थोडी सैल करायची, हलकं वळण देऊन कापडावर टेकवायची. मग पुढची.

[केसांवरून फिरणारे हात, अगदी जवळून.]

केस पूर्ण कोरडे आहेत. पाण्यातलं चित्र करायचं म्हटल्यावर पहिला विचार येतो तो केस भिजवण्याचा, आणि तिथेच चित्र बिघडतं. भिजलेले केस हवेत एकमेकांना चिकटतात, कारण त्यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा पृष्ठताण त्यांना ओढून एकत्र आणतो. डोकं पूर्ण बुडालं की सगळीकडे पाणीच पाणी. ओढून धरणारा तो पृष्ठभागच उरत नाही, आणि केस पुन्हा सुटे होतात. म्हणजे बुडालेले केस दिसायला कोरड्या केसांच्या जवळचे. फक्त त्यांचा भार जवळजवळ नाहीसा झालेला असतो.

पंख्याचा वाराही इथे चालत नाही. वाऱ्यात केसांची टोकं फडफडतात आणि मुळं जागेवर राहतात. पाण्यात अख्खी बट मुळापासून टोकापर्यंत एका संथ लयीत वळते. शिवाय ती डोक्याच्या हालचालीच्या मागे राहते. या चित्रात मुलगी हळूहळू खाली चालली आहे असं ठरलंय, म्हणून केस वर राहिलेत. झग्याचा घेरसुद्धा घड्यांखाली कागदाचे बोळे ठेवून वरच्या बाजूला उचलून धरलाय. केस एक हालचाल सांगतात आणि कापड दुसरी, असं झालं तर बघणाऱ्याला चूक नेमकी सापडत नाही, पण चित्रावरचा विश्वास उडतो.

[शिडीवरची फोटोग्राफर. खाली वाकून बोलते.]

"ताई, मान अवघडली."

"दोनच मिनिटं. हनुवटी किंचित खाली घे. आता डोळे उघड, आणि गाल सोड."

दिवा एकच आहे, मोठा आणि मऊ, मुलीच्या डोक्यापलीकडे ठेवलेला. फरशीवर ती आडवी आहे, पण चित्रात उभी असेल, आणि तेव्हा डोक्याकडची बाजू म्हणजे वर. समुद्रात सूर्याचा प्रकाश वरूनच येतो. बाजूच्या दिव्याची सावली गालावर पडली, तर नंतर कितीही निळं केलं तरी खोलीतला दिवा लपत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. केस कापडावर टेकलेले असल्यामुळे ते सगळे एकाच पातळीत पसरतात. कॅमेऱ्याच्या दिशेने एकही बट येत नाही. म्हणून मुलगी उठून बसल्यावर तिच्याच केसांच्या सहा-सात बटा दोऱ्याने वर उचलून वेगळ्या टिपल्या. त्यातल्या दोन पुढे कपाळावरून आणि एक खांद्यावरून येणार आहे.

[संगणकाचा पडदा. मुलीला कापडापासून वेगळं काढणारा मास्क काळ्या-पांढऱ्यात.]

कापड निळसर-करडं का, ते इथे कळतं. केसांच्या कडा कितीही बारकाईने कापल्या तरी मागच्या रंगाचा थोडा अंश त्यांना चिकटून येतोच. तो अंश पांढरा असता, तर प्रत्येक केसाभोवती प्रभावळ दिसली असती. निळसर-करडा अंश पाण्यात मिसळून जातो. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या चॅनेलपैकी केस आणि कापड यांच्यातला फरक ज्या चॅनेलमध्ये सर्वात ठळक आहे, त्या चॅनेलची प्रत घेऊन तिचाच मास्क केला. केस काळे, कापड उजळ, असं दिसेपर्यंत लेव्हल्स ओढल्या, मग सगळं उलटवलं. चेहरा आणि झगा आतून ब्रशने भरून घेतला. मास्क नीट आहे की नाही हे पाहायला फोटोग्राफरने मुलीच्या मागे आधी एक फिकट आणि मग एक गडद सपाट रंग ठेवला. एका रंगावर न दिसलेली चूक दुसऱ्यावर लगेच दिसते.

[समुद्रातला फोटो. निळं-हिरवं पाणी, डावीकडे काळपट खडक, तळाला वाळू.]

हा फोटो खराखुरा आहे. साधारण पाच मीटर खोल, कॅमेरा सरळ समोर धरून पाणबुड्याने टिपलेला. पुढचं सगळं काम या फोटोकडे बघून होणार आहे, आणि या फिल्ममध्ये आम्हाला सर्वात जास्त वेळ इथेच थांबायचंय.

पाण्याचा निळेपणा म्हणजे चित्रावर पसरलेली निळी काच नाही. पाणी लाल प्रकाश सर्वात लवकर शोषून घेतं आणि निळा सर्वात उशिरा. पाच मीटर खाली येईपर्यंत लालाचा मोठा भाग संपलेला असतो. शिवाय मुलीपासून कॅमेऱ्यापर्यंत पाण्याचे आणखी तीन मीटर आहेत, त्यातही तो आटतो. याच पट्ट्यात दुसरी एक गोष्ट घडते. पाण्यात विखुरलेला प्रकाश मध्ये येतो आणि प्रत्येक काळ्या जागेवर निळसर पडदा धरतो. म्हणून समुद्रात काळं कधी पूर्ण काळं नसतं. सगळ्या चित्रावर निळा फिल्टर टाकला की रंग बदलतो, पण केसांमधला काळा तसाच खोल राहतो. मुलगी कापून चिकटवल्यासारखी दिसते ती त्या काळ्यामुळे.

[रंगाचे आकडे दाखवणारी चौकट. आयड्रॉपर खडकावर.]

मुलगी जिथे येणार आहे तितक्याच अंतरावरचा खडक तिने निवडला आणि त्याच्या सर्वात गडद फटीत रंग मोजला. लाल 10, हिरवा 55, निळा 75. मग त्याच अंतरावरचा सर्वात उजळ वाळूचा ठिपका. लाल 95, हिरवा 190, निळा 200. या पाण्यातला काळा आणि पांढरा हे असे आहेत. दुसऱ्या फोटोत आकडे दुसरे येतील, ते प्रत्येक वेळी मोजावेच लागतात.

आता फक्त मुलीला लागू होईल असा, प्रत्येक चॅनेलचा गडद-उजेड एका रेषेने बदलणारा कर्व्हजचा लेयर, तिच्या लेयरला क्लिप केलेला. लाल चॅनेलच्या रेषेचं खालचं टोक दहावर आणि वरचं पंच्याण्णववर आणलं. हिरव्याचं पंचावन्न ते एकशे नव्वद. निळ्याचं पंच्याहत्तर ते दोनशे. वेडंवाकडं वळण नाही, प्रत्येक चॅनेलला दोन टोकं. बघा.

[झग्याचा रंग बदलताना. निवेदन क्षणभर थांबतं.]

झगा लाल होता. आता तो मळकट जांभळा-करडा झालाय. लाल कापडाचं पाण्यात असंच होतं. गालांवरचा तांबूसपणाही गेला आणि तिथे हिरवट थंडपणा आला. हात शिवशिवतात ते इथे, चेहऱ्याला जरा ऊब परत द्यावी म्हणून. पण पाच मीटर खाली ऊब फक्त फ्लॅशने येते. तो मारला असं दाखवायचं, तर प्रकाश समोरून हवा, डोळ्यांत त्याचा ठिपका हवा आणि कॅमेऱ्याजवळचे कणही उजळायला हवेत. एवढं सगळं बदलायची तयारी नसेल, तर चेहरा थंडच ठेवावा. आमचं मत तसंच आहे.

अजून एक पायरी. मुलीचा एक हात कॅमेऱ्याकडे आलाय, पाय मागे गेलेत. दोघांमध्ये मीटरभर पाणी आहे, आणि ते दिसलं पाहिजे. पाण्याच्याच रंगाचा सपाट लेयर तिच्यावर ठेवला आणि त्याच्या मास्कमध्ये उतार दिला. बोटांपाशी शून्य, पावलांपाशी पस्तीस टक्के. पावलं जवळजवळ विरघळली.

[प्रकाशाचे झोत पडद्यावर हळूहळू उमटतात.]

आता वरून येणारे प्रकाशाचे झोत. बहुतेक चित्रांत ते चौकटीच्या कोपऱ्यातून आडवे घुसतात. पाण्यात हे शक्य नाही. हवेतून पाण्यात शिरताना किरण उभ्या रेषेकडे वाकतात. सूर्य अगदी क्षितिजावर असला तरी पाण्यातले किरण उभ्या रेषेपासून साधारण 49 अंशांपेक्षा जास्त कलत नाहीत. सूर्य आकाशात अर्ध्यावर असेल, तर पाण्यात तो कल 32 अंशांचाच. म्हणून कॅमेरा समोर धरलेला असताना झोतांच्या रेषा मागे वाढवल्या, तर त्या चौकटीच्या बऱ्याच वर जाऊन एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत.

त्यासाठी तिने चित्राचा कॅनव्हास वरच्या बाजूला दुप्पट वाढवला. रेडियल ब्लरचा मध्यबिंदू कॅनव्हासच्या बाहेर नेता येत नाही, ही अडचण तिने अशी सोडवली. काळ्या लेयरवर पांढरे विखुरलेले डाग, मध्यबिंदू अगदी वरच्या टोकाला, झूम प्रकार, मात्रा शंभर. डागांचे लांब पट्टे झाले. लेयर स्क्रीन मोडमध्ये ठेवला, म्हणजे काळं गेलं आणि फक्त उजेड उरला. तळाकडे मास्कने हळूहळू पुसला. नंतर वाढवलेला भाग कापून टाकला.

झोत एकाच लेयरवर नाहीत. काही मुलीच्या मागे आहेत, तिच्या अंगाने अडलेले. दोन पुढे आहेत, तिच्या खांद्यावरून आणि केसांवरून जाणारे, आणि त्यांच्या आड तिचा रंग थोडा फिका होतो. सगळे मागे ठेवले तर ती एखाद्या पडद्यासमोर उभी वाटते. सगळे पुढे ठेवले तर काचेवर धूळ बसल्यासारखं होतं.

[संपूर्ण चित्र. पाण्याच्या उतारावर पट्टे, मग दुरुस्त.]

निळ्याच्या लांब उतारावर छपाईत पट्टे उमटले. फाइल आठ बिटमध्ये होती. ती सोळा बिटमध्ये नेऊन, पाण्याचे उतार नव्याने घालून आणि वर एक टक्का नॉइज देऊन दुसऱ्यांदा पाठवली. छपाईचा पहिला खर्च वाया गेला.

[पावलांच्या खालचा भाग, मोठा करून.]

काम संपलं असं वाटत असताना तिने मागच्या झोतांचा लेयर पुन्हा उघडला. मुलीच्या अंगाने प्रकाश अडतो, तर तिच्या खालच्या पाण्यात झोत तुटायला हवेत. मोठा मऊ ब्रश, कमी जोर, झोतांच्याच कलाने खाली ओढत गेलेली एक अंधारी पट्टी.

[ब्रश खाली सरकतो. पावलांखालचं पाणी काळवंडतं. फक्त चित्र, निवेदन नाही.]