भिंतीवरचे हातांचे डाग

मंडळी, मंगळवार पेठेत माझी आत्या राहते, वय 78. गेल्या पावसाळ्यात पहाटे बाथरूममध्ये तिचा पाय सरकला. तोल सावरायला तिनं टॉवेलची दांडी धरली, तर ती स्क्रूसकट उपटून हातात आली. मनगट मोडलं. खुबा वाचला, एवढंच नशीब.

मी फिजिओथेरपिस्ट. प्लास्टर घालून तिला घरी आणलं आणि आधी बाथरूम बघायला गेलो. भिंतीवर तीन ठिकाणी तळव्याचे मळकट डाग होते: दाराच्या आत, कमोडशेजारी आणि नळाच्या वर. म्हणजे रोज तिचा हात तिथंच आधार शोधत होता. घरी गेलात की तुमच्याही भिंती बघा. आधाराची दांडी बसवायची जागा दुकानदारानं नाही, त्या डागांनी ठरवायची.

कमोडशेजारी आम्ही इंग्रजी एल आकाराची स्टीलची दांडी लावली. आडवा भाग बसल्यावर कोपराच्या उंचीला, उभा भाग कमोडच्या थोडा पुढं, कारण उठताना माणूस आधी पुढं झुकतो. दांडी साधारण सव्वा ते दीड इंच जाड हवी, म्हणजे मुठीत नीट बसते. भिंतीपासून अंतर दीड इंच. जास्त ठेवलं तर हात घसरून मनगट आत अडकतं.

खरी गोम बसवण्यात आहे. भिंतीच्या फरशीवर टिचकी मारली आणि पोकळ आवाज आला, तर तिथं गट्टी धरत नाही. आत्याची भिंत जुनी, भुसभुशीत. म्हणून बोल्ट आरपार काढून पलीकडं लोखंडी पट्टी लावली. मग मी स्वतः, 80 किलोचा माणूस, दांडीला लोंबकळलो, आणि त्यानंतरच आत्याला धरू दिली. रबरी कपानं चिकटणाऱ्या दांड्या घेऊ नका. ओलाव्यानं त्या सुटतात, आणि सुटणार हे आधी कळतही नाही.

फरशी अजून बदललेली नाही, खर्च मोठा आहे. पण साबणाचा थर रोज ब्रशनं घासला जातो, आणि आंघोळ आता स्टुलावर बसून. सैल पायपुसणं काढून खाली रबर असलेलं टाकलं.

ती पडली तेव्हा अंधारच होता. बटण दाराजवळ, पलंगापासून नऊ पावलांवर. आता पलंगाखाली आणि बोळात चाहूल लागताच लागणारे छोटे दिवे आहेत. ते गुडघ्याच्या खालीच लावा, डोळ्यांवर प्रकाश आला की वाट दिसत नाही.

चपलेवरून मात्र वाद झाला. आत्या जन्मभर कोल्हापुरी वापरत आलेली. ओल्या फरशीवर तिचा चामडी तळ सरकतो, आणि टाच मोकळी असल्यानं पाय बाहेर येतो. आता घरात मागं पट्टा असलेली, पातळ रबरी तळाची सँडल. कोल्हापुरी दाराशी ठेवलीय, कोरड्या दिवशी अंबाबाईला जाताना ती तीच घालते.