रजेच्या दाखल्यावरची तारीख

श्रोतेहो, नमस्कार. प्रसूती रजेसाठी डॉक्टरांकडून जो दाखला घ्यायचा, त्यावर आज बोलू. रजा काय असते, अर्ज कुठे द्यायचा, हे घरोघरी माहीत आहे. पण त्या दाखल्यावरची एक तारीख भल्याभल्यांना घोळात टाकते. अपेक्षित प्रसूतीची तारीख. सगळी रजा तिच्यावरून मोजली जाते.

पुण्यातल्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करणाऱ्या एका बाईंचा किस्सा ऐका. पहिलं बाळंतपण, आणि ते माहेरी कोल्हापूरला व्हायचं ठरलेलं. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस 10 जानेवारी 2025. आपल्याकडे हिशेब सगळ्यांना पाठ असतो: तारखेत सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. 10 चे झाले 17, जानेवारीचा झाला ऑक्टोबर. बाईंनी रजेच्या अर्जात 17 ऑक्टोबर लिहून टाकलं.

हा हिशेब 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी बरोबर आहे. या बाईंची पाळी यायची साधारण 38 दिवसांनी. म्हणजे बीज सुटणं दहा दिवस उशिरा, गर्भ राहणंही दहा दिवस उशिरा. पुण्याच्या डॉक्टरांनी 21 मार्चला पहिली सोनोग्राफी केली. पाळीवरून त्या दिवशी दहा आठवडे पूर्ण व्हायला हवे होते. गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी भरली सुमारे 20 मिलिमीटर, म्हणजे वय 8 आठवडे 4 दिवस. फरक दहा दिवसांचा. नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान फरक सात दिवसांपेक्षा जास्त निघाला तर सोनोग्राफीची तारीख धरायची, असा प्रघात आहे. डॉक्टरांनी तपासणीच्या कार्डावर तारीख बदलली: 27 ऑक्टोबर. बाईंनी कार्ड पिशवीत ठेवलं आणि अर्ज तसाच राहिला.

पुढे 6 ऑगस्टला बाळाची वाढ बघायला दुसरी सोनोग्राफी झाली. त्या रिपोर्टच्या तळाशी यंत्राने आपली तारीख छापली: 8 नोव्हेंबर. बाई माहेरी गेल्या आणि फाइल राहिली पुण्यात. (पहिलटकरणीला सातव्यात न्यावं की नवव्यात, यावर दोन्ही घरचे महिनाभर बोलतात, फाइल कुणी घ्यायची यावर कुणी बोलत नाही.) माहेरच्या डॉक्टरांसमोर हातात होता तो एकच, शेवटचा रिपोर्ट. त्यावरून त्यांनी दाखला लिहिला: अपेक्षित प्रसूती 8 नोव्हेंबर.

आता कंपनीच्या टेबलावर काय आलं? अर्जात 17 ऑक्टोबर, दाखल्यावर 8 नोव्हेंबर, आणि सोबत जोडलेल्या कार्डाच्या झेरॉक्सवर 27 ऑक्टोबर. एक बाळ आणि तीन तारखा. कायद्याने 26 आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. 17 ऑक्टोबर धरली तर रजा 22 ऑगस्टपासून घेता येते. 27 धरली तर 1 सप्टेंबरपासून. 8 नोव्हेंबर धरली तर 13 सप्टेंबरपासून. बाईंनी मागितली होती 22 ऑगस्टपासून. दाखल्याप्रमाणे ती 22 दिवस आधी होत होती. कागद परत आले. ऑफिसचं काही चुकलं नव्हतं.

खरी तारीख कोणती? 27 ऑक्टोबर. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीने बदलायची नाही. पुन्हा सांगतो, नंतरच्या सोनोग्राफीने बदलायची नाही. आठव्या-नवव्या आठवड्यात सगळे गर्भ जवळजवळ सारख्या मापाचे असतात, म्हणून माप बघून वय सांगता येतं. सातव्या महिन्यात कुणी गुटगुटीत असतं, कुणी किरकोळ. यंत्र मात्र बाळ लहान दिसलं की तारीख पुढे ढकलतं. ती तारीख खरी मानली तर बाळाची वाढ मागे पडतेय हेच लपून जातं. या बाईंचं बाळ बारा दिवसांनी मागे दिसत होतं. तिथे तारीख तीच ठेवून दोन-तीन आठवड्यांनी वाढ पुन्हा मोजायची असते, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं.

शेवटी नवीन दाखला पुण्याच्याच डॉक्टरांनी दिला, कारण पहिल्यापासूनच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. त्यातला मजकूर असा: ‘शेवटची पाळी 10 जानेवारी 2025. 21 मार्च 2025 च्या सोनोग्राफीनुसार त्या दिवशी गर्भाचं वय 8 आठवडे 4 दिवस. त्यावरून अपेक्षित प्रसूती 27 ऑक्टोबर 2025. 1 सप्टेंबर 2025 पासून प्रसूतीपर्यंत विश्रांतीचा सल्ला.’ तारीख कशावरून धरली, हे सांगणारं ते मधलं वाक्य बहुतेक दाखल्यांत नसतं. ते असलं की ऑफिसात कुणी प्रश्न विचारत नाही. अर्जातली तारीखही बदलली. 22 ऑगस्टपासूनचे दहा दिवस साठलेल्या हक्काच्या रजेतून गेले. 1 सप्टेंबरपासून 182 दिवस मोजले तर रजा संपते 1 मार्च 2026 ला. बाळ तारखेच्या पाच दिवस पुढे आलं. 182 दिवस तेवढेच राहिले, बाळंतपणानंतरचे पाच दिवस कमी झाले.

वेळ थोडा उरलाय, म्हणून विश्रांतीबद्दल झटपट सांगतो. दाखल्यात ‘26 आठवडे विश्रांती’ असं डॉक्टरांकडून लिहून घेऊ नका. किती आठवडे, हे कायदा ठरवतो. पहिल्या दोन मुलांपर्यंत 26. दोन मुलं हयात असतील तर 12, आणि त्यातले तारखेच्या आधी फक्त सहा. राज्य सरकारच्या नोकरीत 180 दिवस आणि नियम वेगळे. डॉक्टरांनी लिहायचं ते केव्हापासून विश्रांती हवी एवढंच. पाचव्या महिन्यात रक्तस्राव झाला, वार खाली आहे, रक्तदाब वाढलाय, अशी विश्रांती असेल तर तिचा दाखला वेगळा घ्या. त्यात कारण हवं आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तेही हवं. गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी कायद्यात जास्तीची एक महिन्यापर्यंतची पगारी रजा आहे. दोन्ही गोष्टी एका कागदात कोंबल्या की तो महिना 26 आठवड्यांतच जिरून जातो.

दाखला हातात पडला की दवाखान्यातच वाचा. नाव ऑफिसच्या नोंदीप्रमाणे आहे ना? केसपेपर माहेरच्या नावाने आणि पगार सासरच्या नावाने, हे फार होतं. महिना अक्षरात लिहून मागा. 10/9 की 9/10 यावर अर्धा तास वाद घालणारी ऑफिसं आहेत. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का, तुमची सही आणि एक ओळखीची खूण हवी. ही खूण नोंदवणं वैद्यकीय परिषदेच्या नियमातच आहे. मागची तारीख घालून द्या असं डॉक्टरांना म्हणू नका, त्यांना दाखल्यांची नोंदवही ठेवावी लागते. आणि सोनोग्राफीच्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, तेव्हा त्याची झेरॉक्स आजच काढा.

बाळ झाल्यावर दुसरा दाखला लागतो, प्रत्यक्ष प्रसूतीच्या तारखेचा. तो दिल्यापासून 48 तासांत उरलेल्या रजेचे पैसे मालकाने द्यायचे असतात. तो मात्र जिथे बाळंतपण झालं तिथलाच लागतो, म्हणजे या बाईंच्या बाबतीत कोल्हापूरचा. नमस्कार.