ब्रश कोणाच्या हातात होता?

गणपती जवळ आले की कोकणात घरोघर एक वाक्य ऐकू येतं: "यंदा आम्ही घराला रंग काढला." रंग काढला तो पेंटरने. आपण डबे आणून दिले, चहा दिला आणि मजुरी दिली. तरीही "आम्ही रंग काढला" म्हणताना आपण खोटं बोलत नाही आणि ऐकणाऱ्याचाही गैरसमज होत नाही. "मी काल केस कापले", "मी चष्म्याची काच बदलली", "आम्ही विहीर उपसली" या सगळ्या वाक्यांत काम दुसऱ्याने केलेलं असतं आणि मराठीला ते चालतं.

इंग्रजीत "आय पेंटेड द हाऊस" म्हटलं की ऐकणारा तुमच्या हातात ब्रश बघतो. समजा, तारकर्लीत तुमचं होमस्टे आहे आणि तुम्ही पाहुण्याला सांगितलंत, "आय रिपेअर्ड द एसी यस्टरडे." पाहुण्याच्या मनात लगेच येणार की मालकांना एसीचं काम येतं. संध्याकाळी त्याच्या खोलीतला एसी बिघडला, तर तो तुम्हालाच स्क्रूड्रायव्हर घेऊन बोलावेल. त्यात त्याची चूक नाही, तुमच्या वाक्याने त्याला तेच सांगितलं होतं.

मराठीतही हा फरक दाखवायची सोय आहे. "रंगवून घेतलं", "दुरुस्त करून घेतला" असं आपण म्हणतोच. मराठीत ते ऐच्छिक आहे, इंग्रजीत मात्र अशा रोजच्या कामांसाठी जवळपास सक्तीचं. म्हणून एक सवय लावून घ्या. इंग्रजी वाक्य बोलण्याआधी मराठी वाक्य "करून घेतलं" या रूपात मनात आणा. ते तिथे बसत असेल, तर इंग्रजीत "हॅव" किंवा "गेट" हवंच.

आता रचना बघू. "आय हॅड द हाऊस पेंटेड." आधी "हॅड", मग ज्यावर काम झालं ती वस्तू, म्हणजे "द हाऊस", आणि शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप, "पेंटेड". वस्तू मध्येच आली पाहिजे, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ती शेवटी गेली तर वेगळंच वाक्य तयार होतं. "आय हॅड पेंटेड द हाऊस" हे व्याकरणाने अगदी बरोबर आहे, म्हणून तर ते जास्त फसवं. त्याचा अर्थ, "मी घर रंगवलं होतं", तेही स्वतःच्या हाताने आणि दुसरी एखादी गोष्ट घडण्याआधी. ऐकणारा वाट बघत बसतो की कशाच्या आधी? तेच तीन तुकडे, फक्त जागा बदलली, आणि पेंटरही गेला, काळही बदलला.

तिसऱ्या रूपाबद्दल थोडं. इथे "पेंट" किंवा "पेंटिंग" चालत नाही. "आय हॅड माय हेअर कटिंग" असं सर्रास ऐकू येतं, ते "आय हॅड माय हेअर कट" असं हवं. "कट"ची तिन्ही रूपं सारखीच आहेत म्हणून तिथे काही जोडायचं नाही.

काळ बदलला की फक्त "हॅव" बदलतो, पुढचा भाग जागचा हलत नाही. मे महिन्यात कौलांचं काम चालू आहे: "वी आर हॅविंग द रूफ रिपेअर्ड." पुढच्या आठवड्यात करणार आहोत: "वी विल हॅव द रूफ रिपेअर्ड." काम करून झालंय: "वी हॅव हॅड द रूफ रिपेअर्ड." या शेवटच्या वाक्यात "हॅव हॅड" पाहून बरेच जण दचकतात आणि एक "हॅड" खोडून टाकतात. खोडू नका. पहिला "हॅव" काळ दाखवणारा मदतनीस आहे, दुसरा "हॅड" म्हणजे आपलं "करून घेणं".

इथला "हॅव" मुख्य क्रियापद आहे, हे प्रश्न विचारताना कळतं. "हॅड यू द हाऊस पेंटेड?" असं विचारायचं नाही. "डिड यू हॅव द हाऊस पेंटेड?" असं विचारायचं. नकारही तसाच: "वी डिडन्ट हॅव द हाऊस पेंटेड धिस इयर."

"गेट" कुठे वापरायचा? "आय गॉट द हाऊस पेंटेड" याचा अर्थ जवळपास तोच, फक्त बोलण्यातला आणि थोडा खटपटीचा. श्रावणात पेंटर मिळणं किती कठीण, हे तुम्हाला मी सांगायला नको. चार फोन केले, दोनदा त्याच्या घरी गेलात आणि चतुर्थीच्या आत काम उरकलंत, तर "गॉट" अगदी शोभतो. एक मात्र ध्यानात ठेवा, "गॉट" थोडा सैल आहे. "आय गॉट द रूम पेंटेड बाय इव्हिनिंग" म्हणजे मीच रंगवून संपवली, असाही अर्थ निघू शकतो. संदर्भातून तो स्पष्ट होत नसेल, तर "हॅड" घ्या.

काम कोणी केलं हे सहसा सांगत नाहीत, कारण घर पेंटरच रंगवणार. सांगायचंच असेल तर शेवटी "बाय" जोडा. मराठीतल्या "पेंटरकडून"मुळे "फ्रॉम द पेंटर" तोंडात येतं, ते टाळा. माणसालाच मध्ये आणलं, तर मात्र रचना बदलते: "आय हॅड द पेंटर डू द गेट" आणि "आय गॉट द पेंटर टू डू द गेट". "हॅड"नंतर नुसतं "डू", "गॉट"नंतर "टू डू". पहिल्यात, त्याचं कामच ते, मी सांगितलं आणि त्याने केलं. दुसऱ्यात, तो फाटक रंगवायला तयार नव्हता, मी त्याला राजी केलं. "आय मेड द पेंटर डू द गेट" मात्र म्हणू नका. त्यात जबरदस्ती येते, आणि पेंटर पुढच्या वर्षी येणार नाही.

हीच रचना न करून घेतलेल्या गोष्टींनाही लागते, हे इथे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना माहीत असायला हवं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, दापोलीकडे कितीतरी घरांची छपरं उडाली. त्यांपैकी कोणी म्हणेल, "वी हॅड अवर रूफ ब्लोन ऑफ इन जून. वी हॅड इट रिपेअर्ड इन ऑगस्ट." दोन्ही वाक्यांचा साचा तोच. पहिल्यात छप्पर उडवून घेतलेलं नाही, ते वाट्याला आलं. दुसऱ्यात पैसे देऊन काम करून घेतलं. फरक शब्दांत नाही, तो क्रियापदाच्या अर्थातून कळतो: छप्पर कोणी मुद्दाम उडवून घेत नाही.

इथे कोणी विचारेल: मग शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला, हे इंग्रजीत कसं म्हणायचं? "शिवाजी बिल्ट सिंधुदुर्ग" असंच इतिहासाची पुस्तकं लिहितात आणि ते बरोबर आहे. 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर काम सुरू झालं ते त्यांच्या आज्ञेने, आणि चिरा महाराजांनी स्वतः रचला असं कोणीच समजत नाही. "हॅड सिंधुदुर्ग बिल्ट" हेही चालेल. किल्ला, धरण, राजवाडा अशी एका माणसाच्या हातून होऊच न शकणारी कामं असली की इंग्रजीही मराठीसारखी ढिली पडते. घर बांधण्यातही ती थोडी सूट देते: "वी बिल्ट अ हाऊस इन मालवण" असं गवंड्याला काम देणारा मालकही म्हणू शकतो. पण त्याच घराला रंग काढायची वेळ आली की सूट संपते, कारण भिंत माणूस एकटाही रंगवू शकतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं तेच वाटतं.