पाकीट खरं, तेल कुणाचं?

मंडळी, तेलाचं पाकीट हातात आलं की आपण आधी लेबल बघतो. बनावट छपाई पकडायला ते ठीक आहे: स्कॅन करून पुन्हा छापलेल्या लेबलावर बारीक अक्षरांच्या कडा फुगतात, गडद पट्टीतली पांढरी अक्षरं बुजतात. पण दुसरंच तेल पुन्हा भरलेल्या पाकिटाचं लेबल अस्सलच असतं, कारण पाकीट कंपनीचंच असतं. तिथे फॉन्ट काहीच सांगत नाही. बघायचं ते नंतर काय केलं गेलं ते.

ही दोन पाकिटं बघा. कारखान्यात फिल्मचा रोल नळीसारखा वळतो, पाठीवर उभी शिवण बसते, आणि दोन तापलेल्या पट्ट्या एकाच दाबात खालच्या पाकिटाचं वरचं सील आणि वरच्या पाकिटाचं तळाचं सील करतात. मधून पातं कापतं. म्हणून एका पाकिटाची दोन्ही आडवी सीलं सहसा भावंडांसारखी दिसतात: तीच रुंदी, त्याच आडव्या रेघा. पहिल्या पाकिटात तसंच आहे. दुसऱ्याचं तळाचं सील रुंद आणि रेघांचं, वरचं मात्र 3 मिलिमीटरची सपाट, चकचकीत पट्टी. हातमशीनचं सील साधारण असंच दिसतं. आणखी एक: जुनं सील कापल्याशिवाय आत तेल ओतायला वाट नाही, म्हणून पाकीट आखूड होतं. पहिल्यात ब्रँडच्या नावाच्या वर दोन बोटं जागा आहे, दुसऱ्यात जेमतेम एक. फिल्मच्या काठावर, कुठे कापायचं ते ओळखणाऱ्या मशीनच्या डोळ्यासाठी, एक गडद चौकोन छापलेला असतो. तोही इथे अर्धा कापला गेलाय. सीलमध्ये तेल अडकलं की बुडबुडे राहतात, कोपरा पाझरतो. पण पाझरणं एकटं पुरावा नाही, वाहतुकीतही पाकिटं फुटतात.

बॅच क्रमांक आणि तारीख लेबलाबरोबर छापत नाहीत, भरताना उमटवतात. त्यामुळे दोन पाकिटांत ती ओळ किंचित सरकते. दहा पाकिटं बघितली आणि त्यांत केसभरही फरक नाही, तर ती आधीच छापून ठेवली असावी. पत्र्याच्या डब्यावर ही ओळ बहुधा ठिपक्याठिपक्यांची, शाईच्या फवाऱ्याची असते. ती थिनरने पुसता येते. डबा उजेडात तिरका धरा. नव्या ओळीखाली जुन्या आकड्यांची फिकट सावली किंवा आसपासची चमक मेलेली दिसली, तर बुचाच्या कडेला ओरखडे आहेत का, तेही बघा.

एकाच खुणेवर निकाल देऊ नका. कंपन्या मशीन बदलतात, वेगवेगळ्या कारखान्यांतून माल येतो. शक्यतो त्याच बॅचचं दुसरं पाकीट शेजारी ठेवा. आणि पाकीट संशयास्पद वाटलं, तर कात्री वरच्या सीलला लावू नका. खालचा कोपरा कापा. वरचं सील आणि बॅचची ओळ शाबूत राहिली पाहिजे, कारण तपासणाऱ्याला तेलाइतकंच तेही लागतं.