पाहणीला येतो, पण किती वाजता आणि घरात कोण हवं?

नमस्कार, श्रोतेहो. "उद्या सकाळी माणूस येईल." गळती बघायला कॉन्ट्रॅक्टर बोलावला की मुंबईत बहुतेकांच्या फोनवर एवढाच निरोप येतो. मग सकाळ दुपारपर्यंत लांबते. माणूस येतो तेव्हा वरच्या मजल्याला कुलूप असतं आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी गेलेले असतात ठाण्याला. पाहणी होते ती फक्त छतावरच्या डागाची, आणि डाग काय, तो फोटोतही दिसला असता.

आज एकाच कामाबद्दल बोलू. बाथरूमचं छत गळतंय, वर दुसऱ्याचं घर आहे आणि कॉन्ट्रॅक्टर पाहणीला येणार आहे. त्याआधी त्याने पाठवायच्या निरोपात काय असावं आणि का, हे बघू.

उदाहरण मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीचं धरू. तिसऱ्या मजल्यावर छत गळतंय, चौथ्यावर त्याच जागी बेडरूमचं बाथरूम आहे. सोसायटी गच्चीवरच्या टाकीतून घरांना पाणी सोडते सकाळी साडेसहा ते नऊ आणि पुन्हा संध्याकाळी. दुपारी 2 ते 4 ठोकाठोक बंद. पाहणी रविवारी ठरली आहे, कारण दोन्ही घरची माणसं त्याच दिवशी सापडतात.

गळती साधारण दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे भिंतीत दडवलेला पाण्याचा पाइप. दुसरी म्हणजे नहाणी ट्रॅप, कमोडचा जोड किंवा लादीखालचं वॉटरप्रूफिंग, म्हणजे सांडपाण्याची बाजू. दोघांचा खर्च वेगळा, तोडफोड वेगळी. एरवी ओळख सोपी असते. पाइप गळत असेल तर बाथरूम न वापरताही ठिबकतं, आणि सांडपाण्याची बाजू गळत असेल तर वापरल्यावरच ठिबकतं. पण मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येतं, तिथे ही ओळख फसते. साडेसहा ते नऊ याच वेळात पाइपात पाणी असतं आणि याच वेळात सगळे आंघोळी करतात. खाली ठिबकलं तर ते पाइपाचं की आंघोळीचं, कळणार कसं? नहाणी फोडून नवी बसवल्यावरही छत गळत राहिलं, अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

म्हणून पाहणीच्या वेळी परिस्थिती उलटी करावी लागते. वरचं बाथरूम कोरडं आणि बंद, पण पाइपात मात्र पाणी. त्यासाठी शनिवारी रात्रीपासून चौथ्या मजल्यावरचं ते बाथरूम वापरायचं नाही, आणि रविवारी नऊला बंद झालेला गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पाहणीपुरता परत उघडायचा. हे निरोपात आधी लिहिलेलं नसेल तर कॉन्ट्रॅक्टर वेळेवर येऊनही उपयोग नाही.

आता वेळेची गोष्ट. "10 ते 2 मध्ये येतो" ही वेळ नव्हे. वेळ शेवटाकडून मागे मोजत यावं. व्हॉल्व्ह उघडून अर्धा तास खालचं छत बघायचं. मग व्हॉल्व्ह बंद करून वरच्या नहाणीत रंग मिसळलेलं दोन बादल्या पाणी ओतायचं आणि पाऊण तास थांबायचं. तेवढ्यात लाद्या ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते बघायचं, शेवटी डक्टमधल्या पाइपांवर पंधरा मिनिटं. असे झाले दीड तास. दोनला ठोकाठोक बंद, त्याआधी पंधरा मिनिटं हाताशी ठेवायची, म्हणून सव्वाबारा ही काम सुरू करायची शेवटची वेळ. त्याच्या आधी पाऊण तास मोकळा ठेवला की निरोपात लिहायची वेळ निघते: साडेदहा ते साडेअकरा. एका तासाचीच खिडकी द्यायची असेल तर ही दिवसातली पहिली भेट असली पाहिजे. दुसरी किंवा तिसरी असेल तर आधीच्या घरी काय निघेल ते कुणाच्या हातात नसतं. अशा वेळी दोन तासांची खिडकी प्रामाणिक ठरते.

प्रवासाचा धोका "ट्रॅफिक असल्यास उशीर होईल" असा लिहिला तर तो लिहिलाच नाही असं समजा. मुंबईत उशिराला जागा आणि कारण असतं. या उदाहरणात सुपरवायझर गोरेगावहून मोटारसायकलने येणार, म्हणजे जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडने पवईवरून. हेल्पर वसईहून लोकलने, दादरला गाडी बदलून. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, बऱ्याचदा माटुंगा ते मुलुंड या पट्ट्यात, साधारण सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत. गाड्या दुसऱ्या मार्गावर वळवतात आणि वेळापत्रक विस्कटतं. ब्लॉक कुठे आणि कधी हे रेल्वे आधी जाहीर करते, तेव्हा ते बघूनच हेल्परने दहाच्या आत दादर सोडायचं. नाहीतर होतं असं की सुपरवायझर हजर, पण ओल मोजायचा मीटर आणि हातोडीची पिशवी अडकलेली असते कुर्ल्याला. त्यामुळे मीटर, टॉर्च आणि रंगाची बाटली सुपरवायझरच्याच पाठीवर असलेली बरी. शिडी मोटारसायकलवरही येत नाही आणि लोकलमध्येही नाही, म्हणून ती सोसायटीकडेच मागायची.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघायची, भरती. समुद्राची पातळी साडेचार मीटरच्या वर जाणार असेल आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल, तर सखल भागातलं पाणी उतरत नाही. भरतीच्या वेळा महापालिका आधीच जाहीर करते. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे ही नावं आपल्या मार्गात असतील तर त्या दिवशी त्या दोन-तीन तासांत पाहणी ठेवूच नये. शिवाय जोरदार पाऊस चालू असताना छतावरचं पाणी नहाणीचं की बाहेरच्या भिंतीतून मुरलेलं, हेही कळत नाही. तेव्हा पाहणी पुढे ढकलण्याला दोन्ही कारणं पुरतात.

आता हजर कोण. "घरी कोणीतरी असावं" म्हटलं की घरकाम करणाऱ्या मावशी दार उघडतात आणि बाकी सगळं फोनवर. या कामात चार माणसं लागतात, पण चौघं पूर्ण वेळ नाहीत. खालच्या घरातलं असं कुणी, ज्याने ठिबकणं कधी सुरू होतं ते पाहिलंय. वरच्या घराचे मालक, कारण लादी काढायची परवानगी भाडेकरू देऊ शकत नाही. भाडेकरू राहत असतील तर मालक ठरलेल्या वेळेला फोनवर तरी हवेत. तिसरा सोसायटीचा प्लंबर. गच्चीवर पाच-सहा व्हॉल्व्ह असतात, नावाची पाटी एकावरही नसते, आणि एक व्हॉल्व्ह पुष्कळदा वरून खालपर्यंतच्या सगळ्या बाथरूमना पाणी देतो. तो उघडला की त्या रांगेतल्या ज्या घरात नळ उघडा राहिलाय तिथे पाणी वाहायला लागतं. म्हणून त्या रांगेतल्या घरांना नोटीस शनिवारीच लावायला हवी. चौथे सेक्रेटरी किंवा कमिटीचे कुणी. डक्टमधले पाइप सोसायटीचे असतात आणि दोष तिथे निघाला तर खर्चाचं बोलणं बदलतं. पण त्यांना साडेबाराला पंधरा मिनिटं बोलवा, दोन तास बसवून ठेवू नका. पुढच्या वेळी येणार नाहीत.

हे सगळं एका निरोपात कसं बसतं ते ऐका.

"नमस्कार. रविवारी बाथरूम गळतीच्या पाहणीला आमचे सुपरवायझर आणि एक मदतनीस सकाळी 10.30 ते 11.30 या वेळेत पोचतील. काम दीड तासाचं आहे. सुपरवायझर पवईमार्गे येतील, मदतनीस लोकलने. मेगाब्लॉकमुळे मदतनिसाला अर्धा तास उशीर होऊ शकतो, पण काम थांबणार नाही. 11.30 पर्यंत पोचणं जमत नसेल तर 11 वाजता फोन करून नवी वेळ सांगू. 12.15 नंतर पोचलो तर पाण्याची चाचणी होणार नाही, नवी तारीख ठरवू आणि फी पुन्हा घेणार नाही. हजर हवेत: तिसऱ्या मजल्यावरचे सदस्य पूर्ण वेळ, चौथ्या मजल्याचे मालक 10.30 पासून पूर्ण वेळ, प्लंबर 10.30 ते 12, सेक्रेटरी 12.30 ला. चौथ्या मजल्यावरचं बेडरूमचं बाथरूम शनिवारी रात्री 10 पासून बंद ठेवावं. सकाळी 9 ला बंद होणारा व्हॉल्व्ह पाहणीपुरता पुन्हा उघडावा लागेल, त्या रांगेतल्या घरांना शनिवारीच नोटीस लावावी. गच्चीची किल्ली, डक्टची किल्ली आणि आठ फुटी शिडी तयार ठेवावी. प्रत्येकाने आपापलं उत्तर कळवावं."

शेवटचं वाक्य विसरू नका. ग्रुपवर एकाने अंगठा दाखवला म्हणजे चौघांनी होकार दिला असं होत नाही, आणि वरच्या मजल्याचे मालक बहुधा त्या ग्रुपवर नसतातच. निरोप गुरुवारी पाठवावा, म्हणजे नोटीस लावायला वेळ मिळतो. शनिवारी संध्याकाळी ज्याचं उत्तर आलेलं नाही त्यालाच फोन करावा. वरचे मालक "बघतो" म्हणाले तर ती भेट रद्द धरावी आणि तसं सगळ्यांना तेव्हाच कळवावं. एक रविवार गेला तरी चालेल, पण अर्ध्या पाहणीवरून दिलेला अंदाजखर्च महागात पडतो.

रविवारी सकाळी निघताना एक निरोप, पवईला आल्यावर दुसरा. "पाच मिनिटांत पोचतो" असं लिहू नये, कुठे आहोत ते लिहावं. "आत्ता पवई तलावाजवळ" हे वाचलं की मुलुंडच्या माणसाला बाकीचा हिशेब येतो. गेटवरच्या वॉचमनकडे दोघांची नावं आणि गाडीचा नंबर आधी दिलेला असावा, नाहीतर इंटरकॉमवर कुणी उचलेपर्यंत दहा मिनिटं तिथेच जातात.

एक शक्यता निरोपात तळाला लिहून ठेवावी. दीड तासात काहीच ठिबकलं नाही, तर पाइप आणि नहाणी दोन्ही निर्दोष आहेत असं समजू नये. लादीखालून झिरपणारं पाणी खाली यायला कित्येक तास घेतं. मग नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी 24 तास साठवून ठेवावं लागतं, आणि सोमवारी त्याच वेळेला पुन्हा यावं लागतं. त्या दिवशी प्लंबर आणि सेक्रेटरी नसले तरी चालतं. खालच्या घरात मात्र दार उघडायला कुणी असावं, आणि वरच्या घरात पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजून सांगणारं कुणी.